रक्तातले तिन्ही आकडे एकदम खाली: मज्जा रिकामी की मज्जेत गर्दी?

*डॉक्टर मॅडम, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले कास्तकार. धाकटा मुलगा 19 वर्षांचा, कॉलेज करून वावरात हात लावतो. दिवाळीनंतर त्याला धाप लागायला लागली, मग पायांवर लाल ठिपके, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. तालुक्याला तपासलं तर हिमोग्लोबिन 5.9, पांढऱ्या पेशी 1,800, प्लेटलेट 11,000. बी-12 ची इंजेक्शनं घेऊन तीन आठवडे झाले, फरक नाही, उलट दंड काळानिळा पडला. एक डॉक्टर म्हणतात मज्जा सुकली. दुसरे म्हणतात मज्जेत काही भरलं असेल, कॅन्सरही निघू शकतो, कंबरेच्या हाडाची तपासणी करा. तिसरे म्हणतात तपासणी राहू द्या, स्टेरॉइड सुरू करू, आठ दिवसांत प्लेटलेट वाढतील. गावात सांगतात हाडात सुई टोचली की पाय लुळा पडतो. बहीण आणि मोठा भाऊ रक्त द्यायला तयार आहेत. हे फवारणीमुळं झालं का? नेमकं कोणाचं ऐकावं?*

भाऊ, पत्र हाती आल्यावर आपलं फोनवर बोलणं झालं आणि तुम्ही सगळे रिपोर्टही पाठवले. तुमच्या परवानगीने त्यातले आकडे इथे वापरते. फोनवर जे घाईत सांगितलं ते आधी लिहिते, कारण असा रिपोर्ट आणखी कुणाच्या घरात असेल तर त्यांनाही ते लगेच कळायला हवं.

रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 1,800 आहेत आणि त्यांत न्यूट्रोफिल 20 टक्के. म्हणजे जंतूंशी पहिल्या फळीत लढणाऱ्या पेशी फक्त 360. त्या 1,500 च्या वर असाव्या लागतात, आणि 500 च्या खाली गेल्या की साधा वाटणारा तापही काही तासांत जिवावर बेतू शकतो. तेव्हा थर्मामीटर घरात ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला की गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी भरती करायचं, आणि दारातच सांगायचं की न्यूट्रोफिल 360 आहेत. अशा रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. प्लेटलेट 11,000 असताना दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही. दंड काळानिळा झाला तो त्यामुळेच. डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन बंद. डोकं एकाएकी फार दुखलं, उलट्या झाल्या किंवा नजर धूसर झाली तर तीही भरतीचीच वेळ समजा. मोटारसायकल काही दिवस मोठ्या मुलाकडे राहू द्या.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मज्जा सुकली आणि मज्जेत काही भरलं, ही दोन अगदी उलटी कारणं आहेत, आणि तरीही दोन्हींत रक्ताचे आकडे हुबेहूब असेच दिसतात. त्यामुळे पहिले दोन डॉक्टर एकमेकांच्या विरोधात बोलत नाहीयेत. कागदावरच्या तीन आकड्यांवरून त्याच्या पुढचं सांगताच येत नाही. असं का होतं ते जरा सावकाश पाहू.

रक्तातल्या पेशी कायमच्या नसतात. रोज मरतात, रोज नव्या येतात. हाडांच्या पोकळीत जी लाल मऊ मज्जा असते, ती मोठ्या माणसात रोज सुमारे 20,000 कोटी लाल पेशी तयार करते. लाल पेशी साधारण 120 दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि न्यूट्रोफिल रक्तात एक दिवसही पुरता राहत नाही. समजा, आज मज्जेचं काम पूर्ण थांबलं. न्यूट्रोफिल काही दिवसांत उतरतील, प्लेटलेट आठवडा-दीड आठवड्यात, आणि हिमोग्लोबिन मात्र हळूहळू उतरेल, कारण रोज 120 पैकी एकच भाग कमी होतो. 14 हिमोग्लोबिन असलेल्या पोराचा आठवड्याला सुमारे 0.8 कमी होत जाईल, आणि 5.9 पर्यंत यायला अंदाजे दहा आठवडे लागतील. दिवाळी ते संक्रांत मोजून पाहा, तेवढेच भरतात. हा हिशोब ढोबळ आहे. हिरड्यांतून रक्त गेलं तर आकडा लवकर पडतो, आणि मज्जा थोडी चालू असली तर उशिरा. पण एक गोष्ट त्यातून नक्की कळते: हे हळूहळू झालं आहे. आठ दिवसांत 13 चं 6 झालं असतं तर नव्या पेशी तयार होत नाहीत एवढ्याने ते समजावता आलं नसतं. मग कुठे रक्त वाहतंय किंवा लाल पेशी फुटतायत, ते शोधावं लागलं असतं.

इथेच एक भीती काढून टाकते. रिपोर्टवर लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी 74 टक्के आहेत आणि त्यापुढे लाल अक्षरात खूण आहे. तुमच्या पुतण्याने इंटरनेटवर पाहून त्याला ब्लड कॅन्सर म्हटलं. 1,800 चे 74 टक्के म्हणजे सुमारे 1,330, आणि हा आकडा सामान्य आहे. लिम्फोसाइट वाढलेल्या नाहीत. न्यूट्रोफिल गेल्यामुळे त्यांचा वाटा मोठा दिसतो. त्या पेशी जास्त काळ टिकतात आणि त्यांचा बराचसा मुक्काम मज्जेबाहेरही असतो, म्हणून मज्जा थांबली तरी त्या मागे राहतात. टक्केवारी वाचताना आधी एकूण संख्येने गुणायची सवय लावली तर निम्मी घबराट तिथेच मिटते.

तिन्ही एकदम का उतरल्या? कारण तिन्ही पेशी मज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून फुटतात. डेंग्यूत बहुतेक वेळा ठळकपणे उतरतात त्या प्लेटलेट, लोहाच्या कमतरतेत मुख्यतः हिमोग्लोबिन उतरतं. तिन्ही उतरल्या, म्हणजे पॅन्सायटोपेनिया झाला, की बिघाड मुळाशी आहे, किंवा पेशी बाहेर पडल्यावर कुठेतरी अडकतायत. वावराच्या भाषेत सांगायचं तर पीक न येण्याची कारणं चार. बीच मेलं. बी चांगलं, पण तणाने सारी जागा धरली. बी उगवलं, पण खत नसल्याने रोप जमिनीतच जळालं. किंवा पीक आलं आणि रोह्यांनी खाल्लं. खळ्यावर चारही वेळा पोतं रिकामंच दिसतं.

बीच मरणं म्हणजे अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. नावात अ‍ॅनिमिया असला तरी तो नुसता रक्ताच्या कमतरतेचा आजार नाही. बहुतेक रुग्णांत शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशीच मूळ पेशींना परकं समजून मारतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत चरबी येते. 1888 मध्ये पॉल एर्लिख यांनी अशा एका गरोदर तरुणीचं वर्णन केलं होतं: रक्त अतिशय कमी, आणि मृत्यूनंतर पाहिलं तर मज्जा पिवळी, चरबीची. तणाने जागा धरणं म्हणजे मज्जेत परकं काही शिरणं: ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सरच्या पेशी, लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइटचा कॅन्सर, दुसऱ्या अवयवातून आलेला कॅन्सर, क्षयाच्या गाठी, किंवा मज्जेतच माजलेले तंतू. खत कमी पडणं म्हणजे बी-12 किंवा फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता. त्यात मज्जा पेशींनी खच्चून भरलेली असते, पण त्या पेशी पिकायच्या आधीच आत मरतात. आणि चौथं म्हणजे पानथरी फार वाढून रक्तातल्या पेशी अडवून धरते.

आपल्याकडे आधी बी-12 कडे पाहणं योग्यच असतं. दूध-अंडी कमी खाणाऱ्या घरांत, माळकरी घरांत ही कमतरता खूप दिसते, तिने तिन्ही आकडे असे उतरतात, आणि ती स्वस्तात पूर्ण बरी होते. म्हणून तुमच्या डॉक्टरांचा पहिला विचार चूक म्हणणार नाही. दोन गोष्टी मात्र राहून गेल्या. इंजेक्शनच्या आधी रक्त घेऊन बी-12 ची पातळी पाहायला हवी होती. एकदा इंजेक्शन गेलं की तो आकडा काही सांगत नाही. आणि एवढ्या कमी प्लेटलेटवर ते स्नायूत द्यायला नको होतं. तरी त्या इंजेक्शनांनी नकळत एक तपासणी करून दिली. बी-12 हेच कारण असेल तर चार-पाच दिवसांतच नव्या लाल पेशींचा लोंढा येतो आणि आठवड्याभरात रिपोर्टमध्ये ठळक दिसतो. इथे तीन आठवड्यांनंतरही काही नाही. शिवाय त्याच्या लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, 101 आहे. बी-12 ने तिन्ही आकडे इतके खाली जातात तेव्हा तो बहुधा 110 च्या पुढे असतो, पेशी मरताना रक्तात वाढणारा एलडीएच कितीतरी पटीने वाढलेला असतो, डोळ्यांत हलकी पिवळी झाक असते. त्याचा एलडीएच सामान्य आहे. हे कारण मी जवळजवळ बाजूला ठेवते.

पानथरीचं कारण त्याहून सोपं. सोनोग्राफीत पानथरी नेहमीच्या आकाराची आहे, तेव्हा ती पेशी अडवतेय हे संभवत नाही. पण एक तपासणी अशी आहे जिने हा प्रश्न सोनोग्राफीशिवायही सुटला असता, आणि ती गावोगावच्या लॅबमध्ये होऊ शकते: रेटिक्युलोसाइट काउंट, बोलताना आम्ही रेटिक म्हणतो. मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी त्यात मोजतात. पेशी बाहेर मरत असतील तर मज्जा जोर लावते आणि रेटिक वाढतं. तुमच्या मुलाचं 0.4 टक्के आहे. लाल पेशी एकूण 17.5 लाख, त्याचे 0.4 टक्के म्हणजे 7,000. एवढं रक्त कमी असताना निरोगी मज्जेने लाखाच्या पुढे काढल्या असत्या. म्हणजे बिघाड मज्जेतच आहे. काचेखाली हाताने मोजलेलं रेटिक 20,000 च्या खाली, न्यूट्रोफिल 500 च्या खाली आणि प्लेटलेट 20,000 च्या खाली, या तिघांपैकी दोन असल्या आणि मज्जा रिकामी निघाली तर त्याला तीव्र अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतात. त्याच्यात तिन्ही आहेत. राहिला आहे तो शेवटचा ‘तर’.

आता दोनच शक्यता उरतात, रिकामी की भरलेली. हाडाला हात न लावता इथे किती पुढे जाता येतं? बऱ्यापैकी. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात पानथरी वाढत नाही, काखेत, मानेत, जांघेत गाठी येत नाहीत, हाडं दुखत नाहीत. पानथरी हाताला लागली तर मी अप्लास्टिकचं नाव मागे टाकते आणि दुसरं काही शोधते. मग रक्ताची काचपट्टी. मशीन आकडे देतं, पण पेशी कशा दिसतात ते पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावं लागतं. मज्जेत परकं काही शिरलं की तिची वेस मोडते आणि आतली कच्ची मंडळी अवेळी रक्तात येतात: केंद्रक असलेल्या लाल पेशी, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी, आणि जागा नसलेल्या मज्जेतून दाबून निघाल्यासारख्या, अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या लाल पेशी. रिकाम्या मज्जेतून कच्चं काही येत नाही, कारण आत काहीच नसतं. काचपट्टीवर पेशी थोड्या, पण दिसायला नीट. तुमच्या मुलाची काचपट्टी तशीच आहे. पानथरी नाही, गाठी नाहीत, हाडदुखी नाही. पारडं ‘मज्जा सुकली’ म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे झुकतं.

सिकलसेलबद्दल थोडं, कारण विदर्भात तो विसरून चालत नाही. सिकलसेल असलेल्या मुलात केंद्रकवाल्या लाल पेशी एरवीही दिसतात, त्यामुळे वरची खूण फसवते. शिवाय पार्व्होव्हायरसची लागण झाली की अशा मुलात रेटिक एकदम शून्यावर येतं आणि हिमोग्लोबिन कोसळतं. पण ते आठ-दहा दिवसांत आपोआप परत येतं आणि मुख्यतः लाल पेशींचंच असतं. तुमच्या घरात सिकलसेलचा रुग्ण नाही आणि मुलाची शाळेत झालेली तपासणी निगेटिव्ह होती असं तुम्ही सांगितलंत, म्हणून पुढे जाते.

पारडं झुकलं म्हणजे निकाल लागला असं नाही. या वयात लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया कधीकधी रक्तात एकही कॅन्सरची पेशी न दाखवता येतो. पेशी मज्जेत ठासलेल्या, रक्तात फक्त कमतरता. क्वचित त्याच्या आधीचा काही आठवड्यांचा टप्पा हुबेहूब अप्लास्टिकसारखा दिसतो. मायलोडिस्प्लेशिया नावाच्या आजाराचा एक प्रकारही रिकाम्या मज्जेचं सोंग घेतो. म्हणून हाडाची तपासणी टाळता येत नाही.

ती अशी होते. रुग्ण कुशीवर किंवा पालथा झोपतो. कमरेच्या मागे, जिथे खळी पडते, त्या जागी नितंबाच्या हाडाचं टोक त्वचेच्या अगदी जवळ असतं. तिथे भूल देतात. मग दोन नमुने घेतात आणि दोन्ही लागतात, हे माझ्यासाठी या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. पहिला, सुईने ओढलेली पातळ मज्जा, तिला अ‍ॅस्पिरेट म्हणतात. ओढताना क्षणभर तीव्र कळ येते, ती भूल पूर्ण थांबवत नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा. दुसरा, त्याच जागेजवळून काढलेला हाडाचा बारीक तुकडा, दीड-दोन सेंटिमीटरचा, म्हणजे ट्रिफाइन बायोप्सी. अ‍ॅस्पिरेटमध्ये एकेक पेशी नीट ओळखता येते, आणि तो एक-दोन दिवसांत वाचून होतो. हाडाच्या तुकड्यातला चुना काढून तो मऊ करावा लागतो, म्हणून त्याला आठवडाही लागतो.

दोन्ही का? कधीकधी सुई ओढली तर काहीच येत नाही. लोक म्हणतात, पाहा, मज्जा सुकली. पण मज्जा पेशींनी ठासून भरली असेल किंवा तंतूंनी जखडली असेल तरीही काही येत नाही! रिकाम्या मज्जेतून उलट बहुधा चरबीचे तेलकट थेंब आणि थोड्या पेशी येतात. कोरड्या सुईवरून अप्लास्टिक ठरवणं ही मी पाहिलेली सगळ्यात घातक चूक आहे. जागा किती भरली आहे ते फक्त हाडाच्या तुकड्यात दिसतं. 19 व्या वर्षी मज्जेचा 70 ते 80 टक्के भाग पेशींचा असतो, बाकी चरबी. 25 टक्क्यांच्या खाली असेल, ब्लास्ट म्हणजे अगदी कच्च्या पेशी वाढलेल्या नसतील, तंतू नसतील, ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षयासारख्या आजाराच्या गाठी नसतील, तर रिकामी. रिपोर्टवर ‘हायपोसेल्युलर’, म्हणजे पेशी कमी, असं दिसलं की एवढ्यावर थांबू नका. ब्लास्ट, तंतू आणि ग्रॅन्युलोमा या तिघांबद्दल काय लिहिलं आहे ते विचारा. तुकडा आखूड असेल तर एकाच जागेवरून फसगत होऊ शकते, कारण मज्जा सगळीकडे सारखी रिकामी होत नाही. अशा वेळी पुन्हा करायला डॉक्टरांनी सांगितलं तर चिडू नका.

पाय लुळा पडण्याबद्दल: त्या टोकाजवळून पायाला जाणारी नस जात नाही, ती बरीच खाली आणि खोल आहे. मणक्यातल्या पाण्याची तपासणी ती वेगळी. ही मणक्याला लागतही नाही. प्लेटलेट 11,000 असल्या तरी ही तपासणी करता येते. नंतर जागा चांगली दाबून धरतात आणि रुग्णाला काही वेळ त्यावरच उताणं झोपवतात. दोन-तीन दिवस ठणक राहतो.

तिसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर मी स्पष्ट बोलते: मज्जेचा रिपोर्ट येईपर्यंत स्टेरॉइडची एक गोळी किंवा एक डेक्साचं इंजेक्शनही नको. आठ दिवसांत प्लेटलेट वाढतात तो आजार वेगळा, त्यात फक्त प्लेटलेट कमी असतात. इथे मज्जा रिकामी असेल तर एकट्या स्टेरॉइडचा उपयोग नाही, आणि 360 न्यूट्रोफिलवर ते जंतूंना वाट करून देईल. मज्जेत ल्युकेमिया किंवा लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने त्या पेशी तात्पुरत्या वितळतात. मुलाला बरं वाटेल, मज्जेच्या रिपोर्टमध्ये काही सापडणार नाही, आणि काही आठवड्यांनी तोच आजार जास्त चिवट होऊन परत येईल. क्षय असेल तर औषधाशिवाय दिलेलं स्टेरॉइड तो पसरवेल. तिन्ही वाटांनी नुकसानच.

बहीण-भावाच्या रक्ताचं काय? त्यांचं मन मोठं आहे, पण त्यांचं रक्त आत्ता मुलाला देऊ नका. मज्जा रिकामी निघाली तर तिच्यावरचा सर्वात पक्का उपचार, त्याच्या वयात, सख्ख्या भावंडाच्या जुळणाऱ्या मज्जेचं प्रत्यारोपण हाच आहे. घरच्यांचं रक्त आधी गेलं तर मुलाचं शरीर त्यांच्या पेशी ओळखून ठेवतं आणि पुढे त्यांचीच मज्जा नाकारू शकतं. त्यांनी रक्तपेढीत रक्तदान करावं, ते दुसऱ्या कुणाला जाईल, आणि मुलाला परक्या दात्याची पिशवी मिळेल. 5.9 हिमोग्लोबिनवर धाप लागत असताना रक्त अडवून ठेवायचं नाही, पण पांढऱ्या पेशी गाळलेली आणि शक्य तिथे किरण दिलेली पिशवी मागा, आणि गरजेपुरत्याच पिशव्या. एकेका सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोघं असल्यामुळे निदान एक जुळण्याची शक्यता 16 पैकी 7. हे जुळणं पाहणारी एचएलए तपासणी अप्लास्टिक ठरताच करायची, सहा महिन्यांनी नाही. प्रत्यारोपणाआधी फॅन्कोनी नावाचा जन्मजात आजार नाही ना हे पाहणारी गुणसूत्रांची तपासणी आणि पीएनएच या लाल पेशी फुटण्याच्या आजारासाठी रक्ताची तपासणी व्हायला हवी. फॅन्कोनी असेल तर प्रत्यारोपणाची औषधं अगदी कमी मात्रेत द्यावी लागतात, आणि भावंडातही तो लपलेला असू शकतो.

कुणीच जुळलं नाही तर एटीजी नावाचं औषध, सोबत सायक्लोस्पोरिन आणि एल्ट्रोम्बोपॅग. हल्ला करणाऱ्या टी-पेशींना यातली पहिली दोन दाबतात. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि तेवढा काळ रक्त, प्लेटलेट आणि तापाची काळजी चालूच राहते. पहिल्या महिन्यात फरक नाही म्हणून पुष्कळ घरं उपचार सोडतात. तुम्ही तसं करू नका. मज्जेत गर्दी निघाली तर प्रश्न एकच, कोणाची. ल्युकेमिया असेल तर केमोथेरपी, क्षय असेल तर क्षयाची औषधं, आणि जागा मोकळी झाली की तिन्ही आकडे आपोआप वर येतात.

फवारणीचं उत्तर मला हो किंवा नाही असं देता येत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना शेतकरी आणि मजूर दगावले, ती तत्काळ विषबाधा होती, तिचा मज्जेशी संबंध नाही. बेंझीन या रसायनाने मज्जा मरते हे पक्कं माहीत आहे. शेतीच्या कीटकनाशकांचा अप्लास्टिकशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण एकाच मुलाकडे पाहून ‘याच बाटलीने झालं’ असं कोणी सांगू शकत नाही, आणि बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही. तरी त्याने हाताळलेल्या औषधांची नावं लेबलवरून लिहून न्या, गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या गोळ्याही लिहा, कावीळ झाली होती का तेही. आणि त्याने आता फवारणी करायची नाही.

जायचं तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल, या आठवड्यात, आणि शक्यतो सकाळी लवकर, म्हणजे त्याच दिवशी मज्जेची तपासणी होऊ शकेल. सोबत सगळे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड ठेवा. महात्मा जोतिराव फुले योजनेत कोणता उपचार बसतो ते तिथल्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच विचारा. मज्जेचा रिपोर्ट मिळाला की कागदाबरोबर काचपट्ट्या आणि हाडाच्या तुकड्याचा ब्लॉकही मागून घ्या. प्रत्यारोपणासाठी मोठ्या केंद्रात जावं लागलं तर तिथले डॉक्टर त्याच पुन्हा वाचतील, आणि मुलाला दुसऱ्यांदा सुई खावी लागणार नाही.